कोकणकड्याचं धुकं आणि पट्ट्यांचा हिशेब : प्रकल्प नोंदी

२८ ऑगस्ट २०२४

मामांच्या नव्या दवाखान्यात बाहेरच्या बाकासमोरची भिंत रिकामी आहे. तिथे कोकणकड्याचे दोन फोटो लावायचे ठरलंय. एक माझा, मागच्या पावसाळ्यात पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो तेव्हाचा. कड्याच्या पोटातून धुकं वर येतंय आणि मागे डोंगरांच्या तीन-चार फिकट ओळी. हा ३० × २० इंच. दुसरा मामांनी २००९ मध्ये छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यावर काढलेला, सूर्यास्ताचा. तो १६ × १२.

आज माझ्या फोटोवर काम केलं. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, आणि जेपेग दोन्ही घेतो, पण रॉ फाइल जुन्या हार्डडिस्कवर होती आणि ती डिस्क कपाटात वरच्या खणात. कंटाळा केला आणि जेपेगवरच बसलो. धुक्याचा फोटो मुळात अगदी मवाळ आहे, काळं काही नाही, पांढरं काही नाही. हिस्टोग्राममध्ये सगळा ढीग मधून जरा उजवीकडे, साधारण १४८ ते २११ मध्ये. फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये काळं टोक १४८ वर, पांढरं २११ वर आणलं, आउटपुट २० ते २४० ठेवलं. फोटो एकदम उघडला. डोंगरांच्या ओळी सुट्या झाल्या. फाइल लॅबला पाठवली. एकूण वेळ वीस मिनिटं.

३१ ऑगस्ट

प्रिंट आणला. धुक्यात पट्टे आहेत.

दुकानात ट्यूबलाइटखाली एवढं जाणवलं नाही. घरी खिडकीपाशी धरला तर धुकं म्हणजे नकाशावरच्या समोच्च रेषा. एक राखाडी पट्टा, मग जरा फिका, मग आणखी फिका. प्रत्येकाची कड स्पष्ट. शिवाय काही पट्टे किंचित गुलाबी, काही हिरवट.

लॅबवाल्या काकांना फोन केला. मशीनची शाई किंवा कागद असेल असं मनात होतं. काका शांतपणे म्हणाले, "दादा, मशीन पट्टे मारतं तेव्हा ते हेडच्या दिशेने सरळ मारतं, काठापासून काठापर्यंत. तुमचे पट्टे धुक्याच्या वळणाने फिरलेत. ते फाइलमधलेच."

बरोबर आहे. पैसे गेले ते माझ्या वीस मिनिटांपायी.

१ सप्टेंबर

आज फक्त आकडे वाचले. फोटोशॉपमध्ये फाइल उघडली, इन्फोची खिडकी बाजूला ठेवली आणि धुक्याच्या मधल्या भागात पॉइंटर सावकाश वरून खाली नेला. हिरव्या चॅनेलचे आकडे असे आले: बराच वेळ १११, मग एकदम १०७, बराच वेळ १०७, मग १०४, मग १००, मग ९७. मधले ११०, १०९, १०८ कुठेच नाहीत. १०५-१०६ नाहीत. १०१, १०२ नाहीत.

याचा हिशेब सोपा आहे. आठ-बिट फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. माझं सगळं धुकं १४८ ते २११ मध्ये, म्हणजे ६४ पायऱ्यांत बसलेलं. मी त्या ६४ पायऱ्या २० ते २४० एवढ्या उंचीवर ताणल्या. पायऱ्यांची संख्या वाढली नाही, प्रत्येक पायरी उंच झाली: २२० भागिले ६३, म्हणजे साडेतीन. मूळचे १७० ते १७४ हे पाच शेजारी आता ९७, १००, १०४, १०७, १११ झाले. एका पायरीचा फरक डोळा सहसा पकडत नाही. सपाट, गुळगुळीत जागेत तीन-चार पायऱ्यांचा फरक हमखास पकडतो.

आता रुंदी. धुकं फ्रेममध्ये सुमारे २४०० पिक्सेल उंचीत मूळच्या फक्त ४० छटांनी उतरतं. म्हणजे एका छटेला सरासरी ६० पिक्सेल. फाइल ६००० पिक्सेल रुंद, प्रिंट ३० इंच, इंचाला २०० पिक्सेल. ६० पिक्सेल म्हणजे पाऊण सेंटिमीटर. प्रिंटवर पट्टी ठेवून मोजलं, बहुतेक पट्टे सात-आठ मिलिमीटरचे निघाले. हिशेब जुळला याचा आनंद आणि प्रिंट वाया गेल्याचं दुःख, दोन्ही एकदम.

गुलाबी-हिरव्याचंही कारण कळलं. धुकं पूर्ण राखाडी नसतं, जरा निळसर असतं. त्यामुळे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनेल आपापली पायरी वेगवेगळ्या ओळीवर उतरतात. हिरवा उतरला आणि लाल अजून उतरायचा आहे, तेवढ्या जागेत गुलाबी झाक येते. ताणण्याआधी हा फरक एका पायरीचा होता, म्हणून दिसत नव्हता.

हिस्टोग्राम आता दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. एक काडी, मग रिकामं, मग काडी. फणी दिसली म्हणजे फोटो बिघडलाच असं नाही. झाडी, खडक, माणसांचे कपडे अशा खरबरीत जागी ही फणी कुणाला दिसणारही नाही. याच फोटोच्या खालच्या कोपऱ्यातल्या कारवीत एकही पट्टा दिसत नाही, आणि तिथेही ताण तोच दिलाय.

३ सप्टेंबर

पहिला बाळबोध उपाय करून बघितला: तीच मूळ जेपेग, इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन सोळा-बिट केली, मग तेच लेव्हल्स. पट्टे जसेच्या तसे, त्याच ओळीवर, त्याच उंचीचे.

होणारच. मोड बदलल्याने जुन्या ६४ पायऱ्या मोठ्या घरात राहायला गेल्या, एवढंच. घर मोठं झालं म्हणून माणसं वाढत नाहीत. मधल्या छटा कॅमेऱ्याने जेपेग करताना टाकून दिल्या. त्या आता कुठल्याच मोडमध्ये परत यायच्या नाहीत.

मग मोड बदलण्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. एकदा गडद करून पुन्हा उजळ करणं, म्हणजे एका थराने खाली दाबून दुसऱ्याने वर काढणं, असं आपण नकळत सारखं करतो. आठ-बिटमध्ये प्रत्येक थरानंतर उत्तर पूर्णांकात गोल केलं जातं आणि दर वेळी काही छटा एकमेकींत मिसळतात. संध्याकाळी पायथनमध्ये एवढंच तपासलं: २५६ छटा घ्यायच्या, चौथाई करायच्या, पुन्हा चौपट करायच्या.

```python
import numpy as np
x = np.arange(256)
a = np.rint(x / 4)            # 8-bit
print(len(np.unique((a * 4).clip(0, 255))))
b = np.rint(x * 257 / 4)      # 16-bit
print(len(np.unique(np.rint(b * 4 / 257))))
```

पहिली ओळ ६५ छापते, दुसरी २५६. आठ-बिटमध्ये जाऊन-येऊन तीन चतुर्थांश छटा मेल्या. सोळा-बिटमध्ये एकही नाही. म्हणजे जेपेग सोळा-बिटमध्ये नेल्याने गेलेलं परत येत नाही, पण पुढे जायचं ते वाचतं. मामांचा फोटो फक्त जेपेगमध्ये आहे, तेव्हा हे तिथे लागणार.

६ सप्टेंबर

उद्या गणपती बसतायत, घरात मखराचं थर्माकोल आणि फेव्हिकॉल. त्यातच जुनी हार्डडिस्क काढली. रॉ सापडली.

माझा कॅमेरा चौदा-बिट रॉ लिहितो, म्हणजे सेन्सरकडून येताना १६,३८४ पायऱ्या. त्या सगळीकडे सारख्या वाटलेल्या नसतात. सर्वांत उजळ स्टॉपला त्यातल्या निम्म्या मिळतात, त्याखालच्याला त्याच्या निम्म्या, असं उतरत सावलीच्या वाट्याला थोड्याच उरतात. धुकं उजळ बाजूला असल्याने माझ्या वाट्याला काही हजार पायऱ्या आल्यात. जेपेगमध्ये तिथे ६४ होत्या.

रॉ उघडायला फोटोशॉपसोबत येणाऱ्या कॅमेरा रॉमध्ये उघडली, काहीही न करता फोटोशॉपमध्ये पाठवली, तिथे मोड सोळा-बिट केला, तेच लेव्हल्स लावले. पट्टे!

जरा भुरभुरीत कडांचे, पण पट्टेच. अर्धा तास डोकं खाजवलं. आधी मॉनिटरवर संशय घेतला, मग ग्राफिक्स कार्डवर. शेवटी कॅमेरा रॉच्या तळाशी ती बारीक अक्षरांची ओळ वाचली, जी मी वर्षानुवर्षं वाचलेली नाही. तिथे रंगक्षेत्राच्या नावापुढे लिहिलं होतं `8 bit`. म्हणजे कॅमेरा रॉने हजारो पायऱ्यांच्या २५६ करून माझ्या हातात दिल्या, आणि मी त्या सोळा-बिटच्या घरात नेऊन बसवल्या. तीन तारखेची चूक वेगळ्या दाराने पुन्हा आत आली. फाइलच्या मथळ्यावर `RGB/16` लिहिलेलं असलं, तरी ते फक्त आत्ताच्या घराचं माप असतं. आधी ती फाइल कुठे राहून आली ते मथळा सांगत नाही.

त्या ओळीवर क्लिक करून सोळा-बिट केलं. पुढचं गणपतीनंतर.

१० सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती, परवाच विसर्जन झालं. आज सावकाश बसता आलं.

सोळा-बिटने आलेली रॉ, तेच लेव्हल्स, १४८ ते २११, आउटपुट २० ते २४०. पॉइंटर त्याच जागी वरून खाली: १११, ११०, १११, ११०, १०९, ११०, १०९, १०८... कुठे उडी नाही. फोटोशॉपच्या सोळा-बिटमध्ये खरं तर ० ते ३२,७६८ एवढे आकडे असतात. माझ्या धुक्याच्या पट्ट्याला त्यातले सुमारे ८,१०० येतात. त्यांना साडेतीनपट ताणलं तरी २५६ च्या पडद्यावर कुठे भोक पडायचं कारण नाही. हिस्टोग्राम भरीव, फणी नाही.

एकदा मात्र घाबरलो. पूर्ण फोटो पडद्यावर मावावा म्हणून ३३% वर आणला तर धुक्यात पुन्हा हलके पट्टे. १००% वर गेलो की गायब. थर लावलेले असताना कमी झूमवर फोटोशॉप कामचलाऊ झलक दाखवतं, ती कमी अचूकतेची असते. तेव्हा नियम केला: पट्ट्यांचा निकाल १००% वर आणि इन्फोच्या आकड्यांवर. आकडे एकेकाने उतरत असतील आणि डोळ्याला पट्टे दिसत असतील तर दोष पडद्याचा. आकडे तीन-चारने उडत असतील तर फाइलचा. (माझा जुना लॅपटॉप कुठल्याही निळ्या आकाशात पट्टे दाखवतो. त्याच्यावर हा खटला चालवायचाच नाही.)

मग कुतूहल म्हणून उलटं केलं. फोटोशॉपमध्ये काहीच नाही. लेव्हल्सचा सगळा ताण कॅमेरा रॉमध्येच, कर्व्हची दोन टोकं आत ओढून, आणि बाहेर मुद्दाम आठ-बिट. पट्टे नाहीत! कारण ताण दिला तेव्हा कॅमेरा रॉच्या हातात सगळ्या पायऱ्या होत्या, आणि २५६ मध्ये कोंबलं ते ताण देऊन झाल्यावर. म्हणजे माझा इतके दिवसांचा "आठ वाईट, सोळा चांगलं" हा समज अर्धवटच होता. फाइल शेवटी किती बिटची आहे याने मोठा फरक पडत नाही. ताण देताना किती पायऱ्या हातात होत्या, त्यावर सगळं ठरतं. ज्याला सगळं काम रॉमध्येच आटोपायचंय त्याने आठ-बिट बाहेर काढली तरी चालेल. मला डोंगरांच्या ओळींवर वेगवेगळे मास्क लावून नंतरही ताणायचंय, म्हणून मी सोळावर.

याची किंमत जागेत मोजावी लागते. माझी २४ मेगापिक्सेलची फाइल आठ-बिटमध्ये विनाथर ७२ मेगाबाइट, सोळात १४४. चार थर आणि मास्क झाल्यावर पंखा ऐकू येतो. फिल्टर गॅलरीतले फिल्टर सोळा-बिटमध्ये राखाडी होऊन बसतात, पण धुक्याला त्यांचं काय काम.

१४ सप्टेंबर

आज स्वतःच्या हाताने पट्टे परत आणले.

धुकं ताणल्यावर बारीक रवा दिसायला लागला होता, म्हणून कॅमेरा रॉमधला नॉइज कमी करायचा स्लायडर ६० वर नेला. धुकं साय धरल्यासारखं गुळगुळीत झालं. लॅबला जेपेग लागते, आणि जेपेग आठ-बिटच असते, म्हणून चाचणीला आठ-बिट करून बघितलं. १००% वर अगदी हलके, पण पट्टे आहेत. आकडे एकेकानेच उतरतायत, पण एकेक पायरी शंभर-दीडशे पिक्सेल लांब आणि कड अगदी धारदार. डोंगरामागच्या फिकट आकाशात हे जास्त दिसतं, तिथे उतार फार मंद आहे.

स्लायडर १५ वर आणला, तेच सगळं पुन्हा केलं. पट्टे नाहीत.

हे नीट समजून घ्यायला ५००% वर गेलो. समजा धुक्याची खरी छटा एका जागी १७१.४ आहे. आठ-बिटमध्ये १७१.४ लिहिता येत नाही. गुळगुळीत केलेल्या फोटोत ती सगळी जागा १७१ होते, आणि १७१.५ ओलांडताच सगळी १७२. तीच ती कड. रवा असेल तर तिथले काही पिक्सेल १७१ पडतात, काही १७२, दहातले साधारण सहा आणि चार. लांबून डोळा त्यांची सरासरी काढतो आणि त्याला १७१.४ दिसतं. म्हणजे जो रवा मी घाण म्हणून पुसत होतो, तोच दोन पायऱ्यांमधली भेग बुजवत होता. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये हा रवा कॅमेऱ्यानेच पुसून टाकलेला होता. पहिल्या प्रिंटच्या पट्ट्यांना इतकी धार का होती, त्याचं हेही एक कारण.

शेवटी ठरवलं ते असं: नॉइज कमी करणं १५ वर, आणि सगळे थर झाल्यावर, आठ-बिट करायच्या आधी, सोळा-बिटमध्येच सगळ्यांत वर थोडा रवा घालायचा. अॅड नॉइज, १%, गाउसियन, मोनोक्रोमॅटिक. मोनोक्रोमॅटिक नसेल तर रंगीत ठिपके येतात. आठ-बिट केल्यावर रवा घालून तेवढा उपयोग नाही, कारण तोपर्यंत १७१.४ चं १७१ होऊन गेलेलं असतं. रवा कडेला खरबरीत करेल, पण हरवलेला .४ त्याला कुठून कळणार?

१८ सप्टेंबर

मामांचा फोटो. ३६४८ × २७३६, जेपेग, रॉ नाही, दुसरी प्रत नाही. आकाश केशरीतून जांभळ्यात जातं आणि सगळा फोटो दीड-दोन स्टॉप अंधारा. मामांना त्यात कड्याची अर्धगोल वाटी दिसायला हवीय.

आधी सोळा-बिट केला (छटा वाढणार नाहीत, हे माहीत असून). मग कर्व्हजने उजळला. आकाशात अपेक्षेप्रमाणे पट्टे आले, तीस-चाळीस पिक्सेल रुंद, आणि त्यांच्या जोडीला जेपेगचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन. हे दोन वेगळे रोग आहेत. पट्टा छटेच्या वळणाने जातो, चौकोन आडव्या-उभ्या जाळीत बसतो.

हरवलेल्या छटा परत मिळत नाहीत, पण आकाशासारख्या साध्या उतारात त्या अंदाजाने भरता येतात. दोन पायऱ्यांची सरासरी काढायची की मधल्या छटा तयार होतात, आणि सोळा-बिटमध्ये त्या ठेवायला जागाही असते. हेच आठ-बिटमध्ये केलं तर सरासरी पुन्हा गोल होते आणि हाती फार काही लागत नाही.

पहिल्यांदा गाउसियन ब्लर लावला, २५ पिक्सेल. पट्टे गेले, पण कड्याचा काळा रंग आकाशात झिरपला आणि धारेभोवती धुरकट कड आली. मास्क घालूनही ती जात नाही, कारण काळं आधीच मिसळून आकाशात गेलेलं असतं. मग सरफेस ब्लर. त्यात थ्रेशोल्ड देता येतो: त्याहून मोठा फरक असलेल्या शेजाऱ्याला तो सरासरीत घेत नाही. पट्ट्यांची उडी चार-पाचची, कड्याची धार शंभराची. थ्रेशोल्ड १०, त्रिज्या ४०. पट्टे विरघळले, धार जागच्या जागी. संगणकाने मात्र पुष्कळ वेळ घेतला, तेवढ्यात चहा झाला.

आकाश आता प्लास्टिकसारखं गुळगुळीत आणि खालचा कडा दाणेदार, हे विचित्र दिसतं. म्हणून आकाशावर रवा, इथे १.५%, कड्याच्या दाण्याशी जुळेल इतका. डावीकडे वरच्या कोपऱ्यात, जांभळ्यात, एक पट्टा तरीही राहिला. तिथे निळ्या चॅनेलची एक उडी थ्रेशोल्डपेक्षा मोठी आहे. थ्रेशोल्ड २० केला की तो जातो, पण त्याबरोबर ढगाची एक बारीक रेघही जाते. रेघ खरी आहे. पट्टा राहू दिला.

२२ सप्टेंबर

दोन्ही फाइल्सचा शेवट. मूळ थरांसकट सोळा-बिट टिफ म्हणून ठेवल्या. प्रत काढून थर एकत्र केले, एसआरजीबीमध्ये बदलल्या, मग आठ-बिट, मग जेपेग सर्वांत वरच्या दर्जावर. मी काम प्रोफोटो आरजीबीत करत होतो. त्याचं क्षेत्र फार मोठं असल्याने तेच २५६ आकडे जास्त लांब अंतरावर पसरतात. म्हणून प्रोफोटोत असताना आठ-बिट करायचं नाही, आधी क्षेत्र बदलायचं. पाठवण्यापूर्वी वर एक तात्पुरता कर्व्ह लावला, अगदी उभा, फोटो भयानक दिसेल इतका. लपलेले पट्टे असतील तर त्यात ओरडून दिसतात. माझ्यात काही दिसलं नाही. मामांच्यात तो एक कोपरा. कर्व्ह काढला आणि फाइल्स पाठवल्या.

काकांनी आधी आठ इंचाची एक पट्टी काढून दाखवली, नुसत्या धुक्याची. हे पहिल्याच वेळी मागायला हवं होतं.

२६ सप्टेंबर

दोन्ही प्रिंट भिंतीवर. माझं धुकं खिडकीच्या उजेडात तिरकं बघितलं, हाताच्या अंतरावरून बघितलं, चष्मा काढून नाक लावून बघितलं. रवा दिसतो, पट्टा नाही.

मामांनी दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझा छान आहे, पण माझा जास्त खरा वाटतो." डावीकडच्या वरच्या कोपऱ्यावर दवाखान्याच्या पंख्याची सावली पडते. मी त्यांना काही सांगितलं नाही.